चार सेकंदांचा आलेख

गेल्या विज्ञान दिनाला माझ्या भाचीने शाळेत भाषण केलं. ती सातवीत आहे. दादाने व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तुझ्या पॉडकास्टवरून तयारी केली. दुसरा नंबर!’ भाषण डॉक्टर जॉन स्नो यांच्यावर होतं. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली, स्नोंनी नकाशावर मृत्यूंच्या खुणा केल्या, सगळ्या खुणा एका पाण्याच्या पंपाभोवती दाटल्या, त्यांनी त्या पंपाचा दांडा काढायला लावला. आणि मग हात उंचावून, टाळ्यांची जागा बरोबर हेरून भाची म्हणाली, “दुसऱ्याच दिवशी साथ थांबली!”

टाळ्या पडल्या. मी मात्र लॅपटॉप उघडून आमची स्क्रिप्ट शोधायला लागले, कारण साथ अशी थांबली नव्हती. दांडा काढला त्या दिवसापर्यंत ती जवळजवळ ओसरलेली होती. हे स्वतः स्नोंनी लिहून ठेवलंय. आमच्या मूळ व्हिडिओतही ते होतं. पण ऑडिओत ते वाक्य मला सापडलं नाही. त्याचबरोबर, भाचीने म्हटलेलं वाक्यही सापडलं नाही. मी तसं कुठेच म्हटलं नव्हतं. स्क्रिप्टमधलं एकही विधान खोटं नव्हतं, तरी ऐकणाऱ्या मुलीपर्यंत एक खोटी गोष्ट पोचली होती. ती कुणी सांगितली?

हा प्रश्न मला सोडवेना. म्हणून ती स्क्रिप्ट मी पुन्हा लिहायला बसले. हा लेख त्या पुनर्लेखनाचा आहे.

आधी पहिल्या वेळी काय केलं ते सांगते. माझी मैत्रीण आणि मी हौसेखातर विज्ञानाच्या गोष्टींचे व्हिडिओ करतो. ती चित्रं आणि एडिटिंग बघते, मी लिहिते आणि बोलते. लोक बसमध्ये, स्वयंपाक करताना, गाडी चालवताना ऐकू शकतील म्हणून आम्ही जुने व्हिडिओ नुसत्या आवाजात आणायचं ठरवलं. व्हिडिओचा आवाज जसाच्या तसा उचलून चालत नाही, हे पहिल्याच मिनिटाला कळतं. ‘हे बघा, इथे किती गर्दी आहे’ हे वाक्य डोळे मिटून ऐकलं की त्यात काहीच उरत नाही. मी प्रोग्रामर असल्यामुळे अशी वाक्यं शोधायचा मार्गही तसाच निवडला:

```
grep -nE 'इथे|इकडे|बघा|दिसतं|असा|असं' script.txt
```

स्क्रीनकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या ओळी एका फटक्यात समोर आल्या. त्यांचे मी तीन गट केले. काही चित्रं नुसती सजावट होती: धुरकट लंडन, घोडागाडी, टोपीवाले लोक. ती सोडून दिली. काही चित्रं बोलण्याला हातभार लावत होती, जसा पंपाचा फोटो. तिथे एक वाक्य वाढवलं की काम झालं: रस्त्याच्या कडेला कमरेइतका लोखंडी खांब, त्याला हाताने वरखाली करायचा दांडा, आपल्या गावच्या हापशाचा चुलतभाऊच. तिसऱ्या गटात अशी चित्रं होती की ती काढली तर मुद्दाच कोसळतो. त्यात नकाशा होता. नकाशावर मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि काम संपलं असं समजले.

चूक अशी होती की grep ला फक्त शब्द सापडतात. व्हिडिओत सातव्या मिनिटाला एक आलेख येतो, रोज किती माणसं आजारी पडली त्याचा. तेव्हा मी बोलत नाही, फक्त संगीत वाजतं. रेघ झपकन वर चढते, लगेच खाली घसरते, आणि ती तळाला टेकत आली असताना ‘८ सप्टेंबर – दांडा काढला’ अशी अक्षरं उमटतात. चार सेकंद. मैत्रिणीने तो फार सुंदर केला होता, म्हणूनच मी तिथे गप्प बसले होते. स्क्रिप्टमध्ये त्या जागी एक रिकामी ओळ होती. ऑडिओ करताना ती रिकामी ओळ मी पुसली, आणि तिच्या वरचं वाक्य खालच्या वाक्याला जाऊन चिकटलं. वरचं होतं, ‘८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला.’ खालचं होतं, ‘साथ संपली तेव्हा सहाशेहून जास्त माणसं गेली होती.’

दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण गोष्टीत एकापाठोपाठ आलेली दोन वाक्यं आपण ‘म्हणून’ने जोडतो. भाचीने ती जोडली. तिचं काही चुकलं नाही. ते ‘म्हणून’ माझं होतं, फक्त ते मी उच्चारलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक साधी गोष्ट करते. कुठल्याही शब्दाला हात लावण्याआधी व्हिडिओ दोनदा बघते. एकदा स्क्रीन झाकून, आणि एकदा आवाज बंद करून. झाकून बघताना कुठे अडखळायला होतं ते कळतं. ती चूक निदान ऐकणाऱ्यालाही जाणवते. ‘इथे बघा’ ऐकून तो वैतागतो, पण आपलं काही हुकलं हे त्याला माहीत असतं. आवाज बंद करून बघितलं की न बोलता सांगितलेल्या गोष्टी सापडतात: कोपऱ्यातली तारीख, नुसती अक्षरं, मूक आलेख. त्या हुकल्या तर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. जिथे काही दिसत नाही, तिथे काही नव्हतंच असं तो धरून चालतो.

आता नकाशाकडे येते. ज्याला मी ‘काम संपलं’ म्हटलं होतं, तेही संपलं नव्हतं.

नकाशा असा आहे. सोहोच्या गल्ल्या, त्यात ठिकठिकाणी पाण्याचे पंप. एका मृत्यूला एक छोटी काळी रेघ. ज्या घरात जास्त माणसं गेली तिथे रेघा एकावर एक रचलेल्या, विटांसारख्या. ब्रॉड स्ट्रीट आणि केंब्रिज स्ट्रीट मिळतात त्या कोपऱ्यावर एक पंप आहे आणि त्याच्या आजूबाजूला या रेघा दाटल्या आहेत. व्हिडिओत हे समजायला दोन सेकंद लागतात.

पहिल्या खर्ड्यात मी प्रामाणिकपणाच्या जोशात गल्ल्यांची नावंच वाचून दाखवली होती. कुठल्या रस्त्याच्या उत्तरेला कुठला रस्ता आणि तिथे किती रेघा. तिसऱ्या नावाला माझाच मेंदू बंद पडला. डोळ्याला सहाशे खुणा एकदम दिसतात. कानाला एका वेळी एकच मिळते, आणि नवी आली की जुनी निसटते. सगळं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं, हे ऑडिओत अक्षरशः खरं ठरतं.

दुसरा खर्डा एका ओळीचा होता, आणि तोच प्रसिद्ध झाला: ‘सगळे मृत्यू एका पंपाभोवती होते.’ ऐकायला सोपं, लक्षात राहणारं. पण ते नकाशाचं वर्णन आहे का? नकाशात पंपाभोवती दाटी दिसते हे खरं. पण लांबच्या गल्ल्यांतही रेघा आहेत, आणि पंपाच्या अगदी जवळ काही मोकळ्या जागा आहेत. बघणारा त्या पाहू शकतो. व्हिडिओ थांबवून तो विचारू शकतो, ‘मग ही लांबची रेघ कशी काय?’ मी काहीही म्हणाले तरी नकाशा समोर असतो, आणि तो माझ्याविरुद्ध साक्ष देऊ शकतो. ऐकणाऱ्यासमोर फक्त मी असते. मी ‘सगळे’ म्हटलं की सगळे.

या कामातला नैतिक प्रश्न मला इथे दिसतो. चित्र काढून शब्द ठेवताना आपल्याला वाटतं की आपण माध्यम बदलतोय. प्रत्यक्षात आपण समोरच्याचा पुरावा काढून घेतो आणि त्या जागी आपली साक्ष ठेवतो. व्हिडिओत मी वकील होते. ऑडिओत वकील, साक्षीदार आणि पुरावा, तिन्ही मीच. मग साक्षीदाराचे नियम मला लागू व्हायला हवेत: जे दिसलं ते आधी, त्याचा अर्थ मागाहून, आणि दोन्ही वेगवेगळं.

धृतराष्ट्राला युद्ध सांगणारा संजय मला या निमित्ताने आठवला. पण धृतराष्ट्राची एक सोय होती. तो मधेच विचारू शकत होता. गीतेची सुरुवातच त्याच्या प्रश्नाने होते. माझा श्रोता गर्दीच्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून उभा असतो. त्याचे प्रश्न मलाच आधी ओळखून, एपिसोडमध्ये त्याच्या वतीने विचारावे लागतात.

तिसरा खर्डा असा झाला:

> तुम्ही त्या पंपापाशी उभे आहात असं समजा. कुठल्याही दिशेला चालायला लागा. पहिल्या काही घरांत जवळजवळ प्रत्येक दाराआड कुणीतरी गेलेलं आहे. एका घरात एक, एका घरात चार. चालत राहा. हळूहळू दारं सुटायला लागतात: मधे एक घर सुखरूप, मग दोन. अजून पुढे गेलात की दुसरा पंप लागतो. इथल्या लोकांना पाणी भरायला हा जवळचा. आणि इथे नकाशा जवळजवळ कोरा आहे.

यात एकही आकडेवारी नाही, एकही उत्तर-दक्षिण नाही. पण घनता आहे आणि ती अंतराबरोबर कमी होते हेही आहे. चालायची कल्पना माझ्या डोक्यातून आलेली नाही. स्नोंनी नंतर आपल्या नकाशावर एक तुटक रेघ काढली होती. त्या रेघेवर कुठेही उभं राहिलं तर ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि दुसरा जवळचा पंप चालत सारख्याच अंतरावर पडतात. सरळ रेषेत मोजलेलं अंतर नव्हे, गल्लीबोळांतून बादली घेऊन जातानाचं अंतर. म्हणजे नकाशाचा मुद्दाच मुळात चालण्याचा होता. व्हिडिओत आम्ही तो आकाशातून दाखवला होता. आवाजात तो जमिनीवर आला.

यापुढे श्रोत्याचा प्रश्न येतो: ‘आणि लांबचे ते मृत्यू?’ त्याचं उत्तर स्नोंनी स्वतः दारोदार फिरून मिळवलं होतं. दुसरा पंप स्पष्टपणे जवळ असलेल्या घरांत फक्त १० मृत्यू होते. त्यांतल्या ५ घरांनी सांगितलं की त्यांना ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आवडायचं, ते तिथूनच मागवत. आणखी ३ मुलं त्या पंपाजवळच्या शाळेत जायची. उलट बाजूला, पंपाच्या जवळ असूनही मोकळ्या राहिलेल्या दोन जागा. एक अनाथ-गरिबांचा आश्रम: ५३५ माणसं राहायची, पटकीने फक्त ५ गेली. त्यांची स्वतःची विहीर होती. दुसरी बिअरची भट्टी: सत्तरच्या वर कामगार, पटकीने एकही गेला नाही. त्यांना तिथली बिअर प्यायला मिळायची, शिवाय आवारात स्वतःची विहीर. पंपाकडे ते जातच नव्हते.

हे लिहिताना मला कळलं की स्नोंचा खरा युक्तिवाद दाटीत नाहीच. खराब हवेमुळे पटकी होते असं मानणारा त्या काळचा डॉक्टरही त्या दाटीकडे बघून म्हणाला असता, ‘बरोबर, हवा इथेच खराब आहे.’ हवा आणि पाणी यांतला निवाडा अपवाद करतात: पंपाशेजारी राहून वाचलेले आणि पंपापासून दूर राहून गेलेले. व्हिडिओत दाटी इतकी पटकन पटते की अपवाद बघायची गरजच वाटत नाही. आम्ही पंपाभोवती लाल वर्तुळ काढलं होतं आणि काम झालं होतं. ते वर्तुळ आवाजात काढता येत नाही म्हणून मला युक्तिवाद शोधावा लागला.

आणखी एक गोष्ट याच ओघात सापडली. व्हिडिओत आधी नकाशा येतो, मग दांडा. जणू स्नोंनी नकाशा टेबलावर पसरला आणि अधिकारी थक्क झाले. प्रत्यक्षात ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते स्थानिक कारभाऱ्यांना भेटले ते चौकशीतून गोळा केलेली माहिती घेऊन. दुसऱ्या दिवशी दांडा निघाला. नकाशा त्यानंतर तयार झाला आणि १८५५ साली त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापला गेला. चित्रं कुठल्याही क्रमाने लावता येतात, त्यांना काळ नसतो. वाक्याला क्रियापद लागतं, आणि ‘मग’ लिहिताना खरंच ‘मग’ होतं का, हे तपासावं लागतं.

शेवटी तो आलेख. चढून उतरणारी रेघ आवाजात कशी सांगायची? रोजचे आकडे वाचले तर गल्ल्यांच्या नावांसारखंच होणार. मी तीन बिंदू निवडले: सुरुवात, शिखर आणि दांड्याचा दिवस. लिहिलं ते असं:

> ३१ ऑगस्टला साथ भडकली. दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबरला, ज्यांचा आजार पुढे जीवघेणा ठरला अशी १४३ माणसं आजारी पडली. तो सगळ्यात वाईट दिवस. तिथून आकडा खाली येत गेला. ८ सप्टेंबरला, दांडा काढला त्या दिवशी, तो १२ होता. लक्षात घ्या, दांडा काढण्याआधीच १४३ वरून १२. बरेच लोक घरं सोडून पळून गेले होते. स्नोंनी स्वतःच लिहिलंय की साथ आधीच इतकी ओसरली होती की विहिरीत तेव्हाही पटकीचं विष होतं का, हे ठरवणं अशक्य आहे.

‘लक्षात घ्या’ हे शब्द एरवी मी टाळते. इथे ते मुद्दाम आहेत. व्हिडिओत तारखेची अक्षरं रेघेच्या तळाशी उमटत होती, तेच काम इथे त्यांना करायचं आहे. कानाला मागे जाऊन बघता येत नाही, म्हणून १४३ आणि १२ पुन्हा एकदा, शेजारी शेजारी.

मैत्रिणीने हा खर्डा ऐकला आणि म्हणाली, “अगं, गोष्टीचा जीवच गेला. शेवटी नायक जिंकतच नाही.” तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. नऊ मिनिटांच्या व्हिडिओचा एपिसोड चौदा मिनिटांचा झाला होता. ऐकणारा कंटाळून निघून गेला तर माझी साक्ष कितीही चोख असली तरी ती कुणापर्यंत पोचत नाही. आणि मी काही सगळं सांगितलेलं नाही. सहाशे खुणांतून मी मोजकी घरं निवडली, डझनभर दिवसांतून तीन. निवड माझीच राहिली. ती टाळता येत नाही.

त्यामुळे मी स्वतःला एकच नियम घातला. वेळ वाचवायला काहीही कापावं, पण जे माझ्या गोष्टीच्या विरोधात जातं ते कापायच्या यादीत सगळ्यात शेवटी. घोडागाडी गेली तर श्रोत्याचं चित्र थोडं फिकं होतं. आलेख गेला तर त्याचं मत बदलतं, आणि बदललंय हे त्याला कधीच कळत नाही. चित्र हुकण्यापेक्षा हे मला जास्त गंभीर वाटतं. जमलं का हे पाहायचा उपायही साधा आहे: एपिसोड कुणाला तरी ऐकवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून गोष्ट परत ऐकायची. त्याच्या सांगण्यात जे ‘म्हणून’ येतात ते तपासायचे. आपण न म्हटलेले ‘म्हणून’ तिथे बरोबर सापडतात.

नवा एपिसोड भाचीला पाठवला आणि फोन करून सांगितलं की आधीच्या एपिसोडमध्ये चूक माझी होती. थोडा वेळ ती गप्प होती. बक्षीस परत द्यावं लागेल का, ही तिची पहिली शंका. नाही म्हटल्यावर दुसरी आली: “आत्या, मग दांडा काढला नसता तरी चाललं असतं?”

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. त्याचं उत्तर नकाशातही नव्हतं आणि आलेखातही. साथ सरल्यावर हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्या तरुण धर्मगुरूने पुन्हा घरोघर चौकशी केली. पंपाला लागून असलेल्या ४० नंबरच्या घरातलं एक तान्हं बाळ साथ भडकण्याआधीच आजारी पडलं होतं, आणि आईने त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घराखालच्या मैलाखड्ड्यात टाकलं होतं. पुढे खोदून पाहिलं तेव्हा त्या खड्ड्याच्या विटा ढिल्या झालेल्या आणि घाण विहिरीकडे झिरपत असलेली सापडली. त्याच घरात बाळाचा बाप आजारी पडला. त्याला पटकी झाली तो दिवस होता ८ सप्टेंबर. म्हणजे दांडा निघाला त्याच दिवशी विहिरीत पुन्हा विष झिरपायची सोय झाली होती.

“म्हणजे दुसरी साथ आली असती?”

“आली असती की नाही, ते सांगता येत नाही. आली नाही, एवढंच माहीत आहे.”

“पण हे तर तुझ्या आलेखात नाहीये.”

नाहीये. न आलेल्या साथीची रेघ काढायची कशी? हे व्हिडिओतही दाखवता आलं नसतं, सांगावंच लागलं असतं. मी ती गोष्ट एपिसोडच्या शेवटी जोडली. आता तो साडेपंधरा मिनिटांचा झाला आहे.